उकडीच्या मोदकांचे प्रात्यक्षिक: हात गुंतलेले असताना कृती कशी बोलावी

गणेशचतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात मंडळांच्या सभागृहांत आणि फोनवरच्या थेट प्रक्षेपणांत उकडीच्या मोदकांची प्रात्यक्षिके होतात. शिकवणाऱ्या व्यक्तीचा हात बहुधा बसलेला असतो आणि मोदक डोळ्यांदेखत सुबक होतात, तरीही बघून घरी गेलेल्यांची उकड कोरडी पडते किंवा कळ्या पाडताना पारी फाटते. अशा प्रात्यक्षिकाचे ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐकले की कारण लगेच सापडते. “आता हे एवढं घ्यायचं, हा हात असा ठेवायचा, आणि मग असं असं करत न्यायचं,” एवढेच त्यात ऐकू येते. उकड किती मऊ हवी, पारीची कड किती पातळ हवी, दाब अंगठ्याचा की बोटांचा, हे कानावर पडत नाही आणि पहिल्या रांगेतल्या माणसालाही दिसत नाही, कारण ते फक्त करणाऱ्याच्या बोटांना कळत असते.

हा लेख मोदक करायला शिकवत नाही, तर मोदक करता करता बोलायला शिकवतो. ज्यांना मोदक करताना अजून बोटांकडे एकसारखे पाहावे लागते, त्यांनी आधी हात बसवावा, कारण बोलणे सुरू झाले की निम्मे लक्ष तिकडे जाते आणि कच्चा हात तिथेच उघडा पडतो.

## १. कृती बोलण्यासाठी नव्याने लिहा

पाककृतीच्या वहीत जे लिहिलेले असते ते वाचण्यासाठी असते, ते तसेच्या तसे बोलता येत नाही. प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक टप्प्याच्या चार गोष्टी वेगळ्या काढाव्यात: माप, हालचाल, खूण आणि इशारा. माप म्हणजे किती घ्यायचे, हालचाल म्हणजे हाताने काय करायचे, खूण म्हणजे झाले हे कशावरून ओळखायचे, आणि इशारा म्हणजे इथे काय बिघडू शकते. या चारांपैकी फक्त हालचाल समोरच्यांना आपोआप दिसते, आणि गंमत अशी की बोलणारे बहुतेक वेळ तिचेच वर्णन करत राहतात. “आता मी पाण्यात पिठी घालते आहे” हे वाक्य ज्यांना दिसते आहे त्यांना काहीच नवे सांगत नाही.

उकडीचा टप्पा घेऊन पाहू. माप असे: १ वाटी तांदळाची पिठी, १ वाटी पाणी, १ चमचा तूप आणि चिमूटभर मीठ. हालचाल अशी की पाण्याला खळखळून उकळी आली की आच मंद करून सगळी पिठी एकदम घालायची, उलथण्याच्या दांड्याने ढवळायची आणि झाकण ठेवायचे. खूण अशी की दोन-तीन मिनिटांनी झाकण काढल्यावर कोरडी पांढरी पिठी कुठेही दिसत नाही, आणि चिमूटभर उकड बोटांत दाबली तर ती भुरभुरत नाही, एकत्र राहते. इशारा असा की पाणी नुसते गरम असताना पिठी घातली तर ती नीट शिजत नाही, आणि अशी उकड कितीही मळली तरी तिची पारी चिरते. हे सगळे मिळून बोलायला एक मिनिटही लागत नाही, पण ते कोणत्या क्रमाने बोलायचे हे आधी ठरलेले नसेल तर त्यातली खूण आणि इशारा हमखास राहून जातात.

लिहून झाल्यावर मसुद्यातून “असं”, “एवढं”, “इतपत”, “इथे” आणि “हे” हे शब्द शोधून काढावेत. यांतला प्रत्येक शब्द म्हणजे काहीतरी सांगायचे राहून गेल्याची जागा असते, आणि तिथे बोटाचे नाव, ओळखीच्या वस्तूचा आकार किंवा हाताला लागणारा स्पर्श घालावा. “एवढा गोळा” याऐवजी “मोठ्या लिंबाएवढा गोळा” म्हणावे. “असं दाबायचं” याऐवजी “अंगठा आत, बाकीची बोटं बाहेर, आणि दाब अंगठ्याचा” असे म्हणावे.

डावे-उजवे मात्र शक्य तितके टाळावे. समोर बसलेल्यांची बाजू तुमच्या उलट असते, फोनचा पुढचा कॅमेरा स्वतःला आरशासारखे चित्र दाखवतो, आणि समोर एखादी डावखुरी व्यक्तीही बसलेली असते. मोदकासाठी “धरणारा हात” आणि “मोकळा हात” हे दोन शब्द सुरुवातीलाच सांगून ठेवले की पुढे कुठेही अडत नाही.

तपासणी: लिहिलेला मसुदा मोदक कधीच न केलेल्या एखाद्या व्यक्तीला फक्त वाचून दाखवा आणि तिला तो स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावा. जिथे ती थांबते किंवा “म्हणजे कसं?” असे विचारते, तिथे खूण राहिलेली आहे.

## २. वाटी कोणती, हे आधी ठरवा

माप सांगताना सर्वांत जास्त घोळ वाटीचा होतो. घराघरांत वाटी लहान-मोठी असते, आणि समोरचे लोक आपापल्या वाटीची कल्पना करत ऐकत असतात. म्हणून सुरुवातीलाच वाटी हातात उंच धरून दाखवावी आणि तिच्यात किती मिलिलिटर पाणी मावते हे आधी मोजून ठेवलेले सांगावे. त्याच श्वासात हेही सांगावे की पिठी आणि पाणी एकाच वाटीने मोजले तर वाटी कोणतीही चालते, कारण इथे महत्त्व प्रमाणाला आहे.

पण नुसत्या प्रमाणावरही सोडून चालत नाही. धुऊन वाळवलेल्या आंबेमोहोराची घरची ताजी पिठी आणि दुकानातून आणलेली जुनी पिठी सारखेच पाणी पीत नाहीत, जुनी पिठी थोडे अधिक मागते. त्यामुळे “एकास एक” असे म्हटले की लगेच जोडून म्हणावे: “झाकण काढल्यावर उकड भुरभुरीत वाटली तर दोन-तीन चमचे उकळतं पाणी शिंपडून पुन्हा एक वाफ काढा.” आकडा आणि त्याची खूण या दोन गोष्टी एका वाक्यात बांधून सांगाव्यात. त्या सुट्या झाल्या की ऐकणारा आकडा लिहून घेतो आणि खूण विसरतो.

## ३. टेबल बोलण्याच्या क्रमाने मांडा

प्रात्यक्षिकाचे टेबल स्वयंपाकाच्या सोयीने न मांडता बोलण्याच्या क्रमाने मांडावे. एका टोकाला सारणाचे साहित्य, मग उकडीचे पातेले व शेगडी, मग परात, मग पारी करण्याची मोकळी जागा आणि दुसऱ्या टोकाला मोदकपात्र, अशी एका दिशेने जाणारी मांडणी केली की पुढचा शब्द आठवण्यासाठी पुढच्या वस्तूकडे नुसते पाहिले तरी पुरते.

सारण आधीच करून थंड केलेले असावे. गरम सारण भरले तर पारी मऊ पडून फुटते, आणि ते थंड होण्याची वाट बघत सभागृह बसून राहणार नाही. तरीही थोडेसे सारण समोर करून दाखवावे आणि “हे आत्ता केलेलं, आणि भरायला घेणार ते सकाळी करून गार केलेलं” असे स्पष्ट सांगावे. हे न सांगता वाडगा बदलला, तर समोरचे लोक घरी गरम सारणच भरतात.

आणखी दोन गोष्टी मुद्दाम करून ठेवाव्यात: एक जाड तळाचा मोदक आणि एक चीर पडलेली पारी. बिघडलेले हातात धरून दाखवता आले की इशाऱ्याचे वाक्य निम्मे होते.

परातीखाली दुमडलेला ओला रुमाल घालावा. त्यामुळे परात सरकत नाही, आणि उकड मळताना होणारा स्टीलचा खडखडाट ध्वनिक्षेपकातून सगळ्यांच्या कानावर आदळत नाही. छताचा पंखा आणि धूर ओढणारा पंखा दोन्ही बंद ठेवावेत. आवाजाचा प्रश्न तर आहेच, पण पंख्याच्या वाऱ्याने उकड वरून सुकून तिला पापुद्रा येतो.

मदतनीस एकच असावी, आणि तिची कामे ठरलेली असावीत: ओला रुमाल पुढे करणे, घड्याळ पाहणे आणि प्रश्न गोळा करणे. तिने मध्येच पाककृतीत भर घालू नये. “माझ्या सासूबाई यात थोडं दूध घालतात” हे वाक्य कितीही प्रेमाने आलेले असले, तरी त्या क्षणी ते समोरच्यांच्या वहीत माप म्हणून उतरते.

सावधान: बोलण्याचा कागद टेबलावर ठेवू नका. तो ओला होतो, आणि तो वाचायला मान खाली गेली की आवाजही खाली जातो. समोरच्या भिंतीवर किंवा कॅमेऱ्याच्या शेजारी डोळ्यांच्या उंचीवर मोठ्या अक्षरांत प्रत्येक टप्प्याचे फक्त माप आणि खूण लिहून लावा. पूर्ण वाक्ये लिहू नयेत, नाहीतर तुम्ही वाचायला लागता आणि हात थांबतात.

## ४. आवाज आधी बसवा

हातात माईक धरून मोदक होत नाहीत, म्हणून कॉलरला लावायचा माईक वापरावा. तो हनुवटीच्या साधारण एक वीत खाली, छातीच्या मध्यावर लावावा. मंगळसूत्र, ओढणी किंवा पदर त्याला घासत नाही ना, हे हात पुढे-मागे करून तपासावे, कारण नुसते उभे राहून केलेल्या तपासणीत ही घासाघीस कळत नाही. ती मळायला लागल्यावर कळते, आणि तोपर्यंत तुमचे दोन्ही हात उकडीने भरलेले असतात. म्हणून आवाजाची तपासणी परातीत हात घालून, खरोखर मळल्यासारखे करून घ्यावी.

माईक नसेल तर लहान खोलीत चालते, पण मग एक सवय जाणीवपूर्वक बदलावी लागते. कळ्या पाडताना मान खाली जाते आणि शब्द परातीत पडतात. मान खाली घालण्याऐवजी मोदकच छातीच्या उंचीवर उचलावा. चेहरा समोर राहतो, आवाज पुढे जातो आणि मोदकही मागच्या रांगेला दिसतो.

मिक्सर, नळ आणि शिट्टी यांच्याशी आवाजाची स्पर्धा करू नये. वेलची-जायफळाची पूड आधीच करून आणावी. एखादे यंत्र चालवावेच लागले तर वाक्य पूर्ण करून, “आता दहा सेकंद आवाज होईल” असे सांगून, मग बटण दाबावे.

## ५. सराव तीन फेऱ्यांत करा

पहिल्या फेरीत मोदक नेहमीसारखे, न बोलता करावेत आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते कोणाला तरी लिहायला सांगावे. दुसऱ्या फेरीत हात रिकामे ठेवून, घड्याळ लावून फक्त बोलावे. तिसऱ्या फेरीत दोन्ही एकत्र करावे आणि फोनवर ध्वनिमुद्रण करावे, चित्रीकरण नव्हे. चित्र असले की आपण आपल्याच हातांकडे बघत बसतो आणि शब्दांतल्या उणिवा सुटतात.

ऐकताना दोन जागा शोधाव्यात: जिथे वाक्य अर्धे राहिले आणि जिथे दम लागला. वाक्य जिथे अर्धे राहते तिथे बोटांचे काम अवघड असते, म्हणून ते वाक्य तिथून उचलून हालचालीच्या आधी न्यावे. दम बहुतेक मळताना लागतो, आणि तिथे बोलणे कमी करणे हाच उपाय आहे.

तपासणी: तिसऱ्या फेरीला पहिल्या फेरीपेक्षा जास्त वेळ लागलाच पाहिजे. तेवढाच वेळ लागला असेल, तर तुम्ही हातांच्या वेगाने बोलत आहात आणि समोरच्यांना लिहून घ्यायला उसंत मिळणार नाही.

## ६. आधी वाक्य, मग हात

प्रत्यक्ष कार्यक्रमात पाळायचा नियम हा एकच आहे, बाकी सगळे त्यातून निघते. हात हलवण्याआधी माप आणि हालचाल सांगून वाक्य संपवायचे. हात चालू असताना गप्प राहायचे किंवा अगदी थोडे शब्द बोलायचे. हात थांबला की खूण सांगायची. बोलणे आणि हालचाल एकदम झाली, तर ऐकणाऱ्याची नजर योग्य जागी पोहोचेपर्यंत हालचाल संपलेली असते.

मधल्या शांततेची भीती वाटते आणि ती भरून काढण्यासाठी “तर मग”, “हं”, “काय आहे ना” असे शब्द येतात. ती शांतता पाच-सात सेकंदांचीच असते आणि समोरचे त्या वेळात नीट बघत असतात, म्हणून ती तशीच राहू द्यावी.

## ७. सारण: थोडक्यात उरकावे

सारणात दाखवण्यासारखे फार नाही, म्हणून यावर वेळ घालवू नये. “दीड वाटी ओला खवलेला नारळ, पाऊण वाटी चिरलेला गूळ, म्हणजे नारळाच्या निम्मा,” असे रिकाम्या हातांनी सांगून दोन्ही कढईत घालावे. ढवळणे चालू असताना बोलायला हरकत नाही, कारण हा हात आपोआप चालतो. खूण मात्र ढवळणे थांबवून सांगावी: “गूळ विरघळून आधी सैल होतं, मग हळूहळू आळतं. कढईच्या कडा सुटून गोळा व्हायला लागला की गॅस बंद. इथून पुढे परतत राहिलात तर गार झाल्यावर सारण कडक होतं.” वेलची-जायफळ गॅस बंद केल्यावर घालायचे, हे घालण्याआधी सांगावे.

## ८. उकड आणि मळणे

उकळीची वाट पाहताना माप पुन्हा एकदा, लिहून घेण्याच्या वेगाने सांगावे. उकळी आली की बोलणे आवरते घ्यावे. पिठी घालण्याआधी एकच वाक्य पुरे: “आता आच मंद करून सगळी पिठी एकदम घालणार, आणि कोरडी पिठी दिसेनाशी होईपर्यंत ढवळणार.” मग गप्प राहून घालावी, ढवळावी, झाकण ठेवावे. दोन-तीन मिनिटे वाफ काढून गॅस बंद केला की उकड पाच मिनिटे झाकूनच ठेवायची असते. ही पाच मिनिटे पहिल्या प्रश्नांसाठी राखून ठेवावीत आणि हे आधीच जाहीर करावे, म्हणजे लोक मधेच हात वर करत नाहीत.

मळण्याआधी इशारा द्यावा की उकड गरम असतानाच मळायची असते, पण हात भाजेल एवढी गरम नव्हे, आणि सुरुवातीला सपाट वाटीच्या बुडाने किंवा पेल्याने रगडता येते. शेजारी पाण्याचा वाडगा आणि थोडे तेल आहे, हेही आताच सांगावे, कारण एकदा हात भरला की बोट दाखवता येत नाही.

मळताना जोर खांद्यातून येतो आणि प्रत्येक रेट्याबरोबर श्वास बाहेर जातो. त्या वेळी बोललात तर शब्द ढकलल्यासारखे तुटक येतात. म्हणून दहा-बारा वेळा मळावे, थांबावे, गोळा एकत्र करताना एक वाक्य बोलावे, आणि पुन्हा मळावे. तीन थांब्यांना तीन वेगळी वाक्ये ठरवून ठेवावीत. पहिल्याला: “आत्ता हाताला कणी लागते आहे, म्हणजे अजून मळायचं आहे.” दुसऱ्याला: “कणी गेली, पण कडेला चिरा दिसताहेत, म्हणून हात ओला करून घेते.” तिसऱ्याला छोटा गोळा तळहातावर दाबून: “कडेला चीर नाही, वर गुळगुळीत आहे. ही झाली.” एकाच उकडीच्या या तीन अवस्था शब्दांत मिळाल्या, तर घरी एकटीने मळणाऱ्या व्यक्तीला आपण कुठवर आलो आहोत हे कळते. “छान मऊ मळून घ्यायचं” या वाक्याने ते कधीच कळत नाही.

सावधान: मळलेली उकड ओल्या फडक्याखाली झाकून मगच पुढे बोला. बोलण्याच्या भरात ती उघडी राहते, आणि पुढच्या टप्प्यात सगळ्यांसमोर पारी चिरते.

## ९. पारी आणि कळ्या

सगळे प्रात्यक्षिक या टप्प्यासाठी असते आणि बोलणेही सर्वांत जास्त इथेच बिघडते, म्हणून इथे तीन मोदक तीन प्रकारे करावेत. पहिला मोदक अत्यंत सावकाश, प्रत्येक हालचालीआधी थांबून, बोलत करावा. दुसरा पूर्ण शांततेत, नेहमीच्या वेगाने करावा, म्हणजे खरी लय दिसते. तिसरा मोदक समोरच्या कोणीतरी तोंडाने सांगावा आणि तुम्ही फक्त सांगितले तेवढेच करावे. सांगणाऱ्याने एखादी गोष्ट गाळली की तुमच्या बोलण्यात काय पोहोचले नव्हते ते तिथल्या तिथे कळते.

पहिल्या मोदकाचे बोलणे साधारण असे व्हावे:

“दोन्ही हातांच्या बोटांना तेल-पाण्याचं बोट लावलं आहे. मोठ्या लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर गुळगुळीत करते.” (करून घ्यावे.) “चीर दिसत नाही ना, बघा. आता गोळा धरणाऱ्या हातात. मोकळ्या हाताचा अंगठा गोळ्याच्या मधोमध, बाकीची बोटं बाहेरून. दाब अंगठ्याचा, बोटं फक्त आधार देतात. गोळा थोडा थोडा फिरवत जायचं.” (आता गप्प. पारी वाटीसारखी होईपर्यंत एक शब्दही नाही.) “थांबले. मधला भाग जाड ठेवला आहे, कारण सारणाचं ओझं तिथे येतं. कड पातळ आहे, कारण कळ्या तिथे पडतात. हे उलटं झालं तर तळ फुटतो आणि टोकाला पिठाचा गोळा राहतो.”

याच वेळी आधी करून ठेवलेला जाड तळाचा मोदक उचलून दाखवावा. तळ किती जाड असला की “जाड” म्हणायचे, हे तोंडाने सांगण्यापेक्षा तो कापून दाखवला की लगेच समजते.

कळ्यांसाठी: “अंगठा आणि मधलं बोट आत-बाहेर नाही, दोन्ही बाहेरून. तर्जनी आतून, त्यांच्या मधोमध. तर्जनीने हलकेच बाहेर ढकलायचं आणि त्याच वेळी दोन बोटांनी चिमटा घ्यायचा. चिमटा कडेपासून खाली, पारीच्या निम्म्यापर्यंत ओढायचा. नुसता कडेला घेतला तर वाफवल्यावर कळी दिसत नाही.” पहिल्या दोन कळ्या अशा बोलून पाडाव्यात, मग “अशाच, एका बोटाच्या अंतराने” एवढे बोलून उरलेल्या शांतपणे पाडाव्यात. इथे “अशाच” हा शब्द चालतो, कारण त्याचा अर्थ आता सगळ्यांना माहीत आहे.

चिमट्याची पद्धत घरागणिक थोडी वेगळी असते. तुमची वेगळी असेल तर तुमचीच सांगावी, पण कोणते बोट आत आणि कोणते बाहेर हे नावानिशी सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सारण भरण्याआधी माप हवे: पारीच्या कडेखाली बोटभर जागा सोडून भरायचे. मग मोकळ्या हाताने सगळ्या कळ्या हलकेच एकत्र आणत, दुसऱ्या हाताने मोदक फिरवत तोंड बंद करायचे. हे करताना दोन्ही हात आणि डोळे पूर्ण गुंतलेले असतात, म्हणून सगळे आधी बोलून टाकावे: “पिळायचं नाही. गोळा करत वर न्यायचं. टोकाला जास्तीची उकड आली तर काढून टाकायची.”

कळी फाटली तर हसून लपवू नये आणि नवा गोळाही लगेच घेऊ नये. फाटलेली जागा समोर धरावी आणि कारण बोलावे: उकड सुकली, किंवा कड फार पातळ झाली, किंवा बोट कोरडे होते. मग ओल्या बोटाने ती सांधून दाखवावी. समोरच्यांच्या घरी हे घडणारच आहे, आणि तिथे त्यांना सावरायचे वाक्य हवे असते.

तपासणी: पहिला मोदक झाल्यावर “समजलं का?” असे विचारू नका, त्याला सगळे माना डोलावतात. “दाब कोणत्या बोटाचा?” असे विचारा.

## १०. वाफवणे आणि प्रश्न

मोदकपात्रातल्या पाण्याला आधीच उकळी आलेली हवी, म्हणून दुसरा मोदक सुरू होण्यापूर्वी मदतनिसाने गॅस लावलेला असावा. चाळणीवर हळदीचे पान किंवा ओले फडके ठेवावे, मोदक पाण्यात बुडवून लगेच काढावा आणि एकमेकांना चिकटणार नाहीत अशा अंतराने ठेवावेत. पाण्यात बुडवण्याचे कारण बुडवण्याआधी सांगावे: पृष्ठभाग ओला राहिला की मोदक तडकत नाही. वेळ दहा ते बारा मिनिटे, आणि ती झाकण ठेवल्याच्या क्षणापासून मोजायची, हे बोलून मदतनिसाला घड्याळ लावायला सांगावे.

हा वेळ प्रश्नांचा. प्रत्येक प्रश्न आधी स्वतः मोठ्याने पुन्हा उच्चारावा, कारण तो विचारणाऱ्याकडे माईक नसतो आणि मागच्यांना नुसते उत्तर ऐकू येते. थेट प्रक्षेपण असेल तर बघणाऱ्यांपर्यंत चित्र काही सेकंद उशिरा पोहोचते आणि लिहून आलेला प्रश्न त्याहून उशिरा, त्यामुळे “हे किती वेळ?” यातले “हे” म्हणजे तुमच्या हातातला टप्पा नसतो. मदतनिसाने प्रश्न वाचताना तो कोणत्या टप्प्याचा आहे हे विचारून घ्यावे. पिठी शिळी असेल तर, नारळाऐवजी सुके खोबरे चालेल का, मोदक आदल्या दिवशी करून ठेवता येतील का, असे प्रश्न हमखास येतात. ज्याचे उत्तर तुम्ही स्वतः करून पाहिलेले नाही, त्याला “मी करून पाहिलेलं नाही” एवढेच उत्तर द्यावे, कारण प्रात्यक्षिकात अंदाजाने सांगितलेले मापही पक्के समजून लिहिले जाते.

झाकण उघडण्याआधी प्रश्न थांबवावेत आणि इशारा द्यावा: “गॅस बंद केला. झाकणाची पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे वाफ माझ्या अंगावर न येता पलीकडे जाईल.” त्या बाजूला कोणी वाकून बसलेले नाही ना, हे बोलतानाच पाहून घ्यावे, कारण या क्षणी फोन घेऊन पुढे येणारे कोणीतरी असतेच. उघडल्यावर खूण: “पांढरट दिसत होते ते आता चकाकताहेत, आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही.” मोदक लगेच उचलायचे नाहीत, दोन-तीन मिनिटे तसेच राहू द्यायचे आणि मग ओल्या हाताने काढायचे, हेही हात घालण्याआधी बोलावे.

वाटीचे माप, सारणाचे प्रमाण, वाफेची मिनिटे आणि एका वाटी पिठीचे साधारण दहा-अकरा मोदक होतात हा हिशेब शेवटी एकदा सलग सांगावा, कारण उशिरा आलेले लोक सुरुवातीच्या मापाला मुकलेले असतात. हे ताटे फिरायला लागण्याआधी करावे. मोदकाचा वास सुटल्यावर कोणी लिहीत नाही.